अंशतः झाकलेल्या दस्तऐवजाचे सारांशलेखन

अंशतः झाकलेल्या दस्तऐवजाचे सारांशलेखन म्हणजे ज्या कागदातील काही शब्द, परिच्छेद किंवा पाने काळ्या पट्टीने अथवा अन्य प्रकारे झाकलेली आहेत, अशा कागदाचा आशय झाकलेल्या भागाविषयी तर्क न करता थोडक्यात मांडणे. न्यायालयीन निकाल, चौकशी अहवाल, लेखापरीक्षण अहवाल आणि माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या प्रती यांच्या बाबतीत असे लेखन करावे लागते. सामान्य सारांशात लेखक फक्त आशय सांगतो. येथे मात्र आशयाबरोबर कागदात कोठे, किती आणि कोणत्या कारणास्तव झाकले आहे, हीसुद्धा माहितीच असते. ती गाळली तर सारांश अपुरा राहतो, आणि तिच्या जागी लेखकाचा तर्क आला तर सारांश खोटा ठरतो.

## कायदेशीर आधार

भारतात कागदाचा काही भाग झाकून उरलेला देण्याची तरतूद माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० मध्ये आहे. मागितलेल्या अभिलेखात कलम ८ नुसार न देण्याजोगी माहिती असेल, पण ती उरलेल्या मजकुरापासून वेगळी काढता येत असेल, तर उरलेला भाग अर्जदारास द्यावा, असे हे कलम सांगते. कलम ८(१) च्या निरनिराळ्या खंडांत नकाराची कारणे दिलेली आहेत. व्यापारी गोपनीयता (खंड घ), एखाद्या व्यक्तीच्या जीविताची किंवा सुरक्षिततेची काळजी (खंड छ), तपासात येणारा अडथळा (खंड ज) आणि वैयक्तिक माहिती (खंड ञ) ही त्यांपैकी नेहमी आढळणारी होत. इंग्रजी प्रतीत हेच खंड अनुक्रमे डी, जी, एच आणि जे या अक्षरांनी येतात.

सारांश लिहिणाऱ्याच्या दृष्टीने कलम १०(२) अधिक महत्त्वाचे आहे. अंशतः माहिती देताना जन माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला लेखी सूचना द्यायची असते. अभिलेखाचा केवळ काही भाग दिला जात आहे, त्याची कारणे काय, निर्णय कोणी घेतला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागता येईल, हे त्या सूचनेत असावे लागते. हे पत्र अनेकदा बाजूला पडते आणि फक्त काळ्या पट्ट्यांची पाने हातोहात फिरतात. वास्तविक पट्टीविषयी खात्रीने जे काही सांगता येते, त्यातील बराचसा भाग या पत्रात असतो.

पत्राचे वाचनही जपून करावे लागते. पत्रात खंड छ आणि खंड ञ अशी दोन कारणे असतील, पण कोणत्या पट्टीला कोणते कारण लागू आहे हे पट्टीशेजारी लिहिलेले नसेल, तर सारांशकाराने ती वाटणी स्वतः करू नये. ‘दुसऱ्या पानावरील नावे साक्षीदारांच्या सुरक्षिततेसाठी झाकली आहेत’ हे वाक्य निरुपद्रवी दिसते, परंतु झाकलेली ती नावेच आहेत आणि ती साक्षीदारांचीच आहेत, असे दोन तर्क त्यात दडलेले असतात. ‘दुसऱ्या पानावर तीन ठिकाणी मजकूर झाकलेला आहे. पत्रात खंड छ व खंड ञ यांचा उल्लेख असून कोणत्या ठिकाणी कोणता खंड लावला ते नमूद नाही’ एवढेच कागदावरून म्हणता येते.

## झाकलेल्या भागाची नोंद

झाकलेल्या मजकुराची नोंद सारांशात त्याच्या जागीच येणे उपयुक्त असते. शेवटी ‘अहवालातील काही भाग गोपनीय आहे’ असे एक वाक्य जोडल्याने वाचकाला तो भाग निष्कर्षापूर्वीचा की नंतरचा, एका शब्दाचा की चार पानांचा, हे कळत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ऐतिहासिक कागदपत्रांच्या खंडांमध्ये वगळलेल्या ठिकाणी चौकटी कंसात किती ओळी खुल्या केल्या नाहीत ते छापतात. मराठी सारांशातही ‘[परिच्छेद ९ ते १२ पूर्ण झाकलेले]’ किंवा ‘[एक नाव अथवा पदनाम असावे इतक्या रुंदीची पट्टी]’ अशा नोंदी करता येतील. मात्र यांतील दुसरी नोंद सदोष आहे. पट्टीची रुंदी हे दिसणारे तथ्य आहे, तर ‘नाव अथवा पदनाम’ हा तर्क आहे. ‘[ओळीचा सुमारे एक तृतीयांश भाग झाकलेला]’ असे लिहिले की दोष जातो.

रुंदीवरून शब्द ओळखण्याचा मोह जुना आहे, आणि छापील अक्षरांची रुंदी ठरलेली असल्याने काही वेळा ते शक्यही होते. देवनागरीत आणखी एक अडचण येते. शिरोरेखेखालच्या अक्षरांपुरतीच पट्टी ओढलेली असेल, तर वरची वेलांटी, मात्रा किंवा रफार आणि खालचा उकार बाहेर डोकावतात. रफार दिसला म्हणून ते नाव अमुकच, असे ठरविणे म्हणजे सारांशलेखन नव्हे, कोडे सोडविणे होय. ज्यांना तो शोध घ्यावयाचा असेल त्यांनी तो वेगळ्या लेखात, आपल्या नावाने आणि पुराव्यासह मांडावा.

पीडीएफ प्रतीत कधीकधी पट्टीखालचा मजकूर तसाच राहिलेला असतो व निवडून नकलता येतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदाबाबत असेच घडले. असा मजकूर तर्क नसला, तरी तो अधिकृतपणे दिलेल्या प्रतीचा भागही नसतो. त्यामुळे दिलेल्या प्रतीच्या सारांशात तो मिसळल्यास कागदाने काय सांगितले आणि कागदातून काय निसटले, यांतील भेद पुसला जातो.

## राफेल प्रकरणातील दाखला

फ्रान्सकडून ३६ राफेल लढाऊ विमाने घेण्याचा करार २३ सप्टेंबर २०१६ रोजी झाला. त्याच्या किमतीविषयीच्या वादात या विषयाशी संबंधित दोन वेगवेगळ्या चुकांचे दाखले सापडतात.

पहिला दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या १४ डिसेंबर २०१८ च्या निकालातील परिच्छेद २५ चा आहे. किमतीचा तपशील नियंत्रक व महालेखापरीक्षकांना दिलेला आहे, त्यांचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे आणि त्याचा काही भागच संसदेपुढे ठेवण्यात आला, अशा अर्थाची वाक्ये त्यात होती. प्रत्यक्षात तोपर्यंत असा अहवाल संसदेपुढे आलेलाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने दुरुस्तीसाठी अर्ज केला. बंद लिफाफ्यातील टिपणात पहिले वाक्य झालेल्या गोष्टीविषयी होते, पण पुढची दोन वाक्ये नेहमीच्या कार्यपद्धतीविषयी होती, असे सरकारचे म्हणणे होते. महालेखापरीक्षकांचा अहवाल लोकलेखा समिती तपासत असते व त्याची काही भाग वगळलेली प्रतच संसदेपुढे ठेवली जाते, असा त्या वाक्यांचा रोख होता. रीतिवर्तमान काळातील वाक्ये सारांशात पूर्ण भूतकाळात गेली आणि अस्तित्वात नसलेल्या एका अंशतः झाकलेल्या अहवालाचा उल्लेख निकालात आला. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी पुनर्विलोकन याचिका फेटाळताना न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली. पट्टीखाली काय आहे याचा तर्क येथे कोणी केला नव्हता. दिसणाऱ्या क्रियापदाचा काळ बदलल्याने कागदाचे अस्तित्वच बदलले.

महालेखापरीक्षकांचा अहवाल १३ फेब्रुवारी २०१९ रोजी संसदेत मांडला गेला. संरक्षण मंत्रालयाच्या आग्रहावरून त्यातील व्यापारी तपशील, म्हणजे किमतीचे आकडे, झाकलेले होते. टक्केवारी मात्र दिलेली होती. २००७ च्या प्रस्तावावरून लेखापरीक्षकांनी काढलेल्या तुलनात्मक किमतीपेक्षा नवा करार एकंदर २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला, असा त्याचा निष्कर्ष होता. मंत्रालयाने फरक ९ टक्के असल्याचे सांगितले होते, परंतु लेखापरीक्षकांनी ते ग्राह्य धरले नाही. भारतासाठी केलेल्या खास सुधारणांच्या बाबतीत १७.०८ टक्क्यांची बचत झाल्याचेही अहवालात म्हटले आहे.

या अहवालाचा सारांश करताना घडू शकणारी चूक गणिती स्वरूपाची आहे. टक्केवारी दिसते आणि रक्कम दिसत नाही, अशा वेळी दुसरीकडून एखादी रक्कम आणून झाकलेला आकडा काढावासा वाटतो. तशी रक्कम उपलब्धही होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री व धुळ्याचे खासदार सुभाष भामरे यांनी संसदेतील लेखी उत्तरात एका विमानाची किंमत सुमारे ६७० कोटी रुपये सांगितली होती. पण त्या किमतीत संलग्न उपकरणे, शस्त्रास्त्रे, भारतासाठीच्या खास सुधारणा आणि देखभालीची सेवा धरलेली नव्हती, हे सरकारने नंतर स्पष्ट केले. उलट २.८६ टक्के हा फरक या सर्व बाबी मिळून होणाऱ्या एकूण सौद्याचा आहे. ६७० ला ३६ ने गुणून त्यावर २.८६ टक्के लावल्यास निघणारा आकडा दोन्ही कागदांपैकी कोणत्याही कागदात नाही, आणि तो झाकलेल्या आकड्याशी जुळेल असे मानण्यास आधारही नाही. तरीही असा आकडा एकदा ‘अहवालानुसार’ या शब्दासह छापला गेला की पुढचे वाचक तो अहवालातलाच समजतात.

अहवालाचे प्रामाणिक सारवाक्य असे होईल: ‘किमतीचे आकडे अहवालात झाकलेले आहेत. लेखापरीक्षकांच्या तुलनात्मक किमतीच्या मानाने करार २.८६ टक्क्यांनी स्वस्त असल्याचा निष्कर्ष दिला आहे. ही टक्केवारी ज्या रकमांवरून काढली त्या दिसत नसल्यामुळे वाचकाला ती पडताळता येत नाही.’ शेवटचे वाक्य टीका वाटू शकते, परंतु ते झाकण्याचा परिणाम सांगणारे विधान आहे, आणि सारांशात ते असणे आवश्यक आहे.

## तालुका पातळीवरील नमुना

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या शेतीप्रधान तालुक्यात नागरिकाच्या हाती येणारे झाकलेले कागद लढाऊ विमानांचे नसतात. ते अतिवृष्टीच्या अनुदानाच्या वाटप यादीचे, पंचनाम्याचे किंवा एखाद्या तक्रारीवरील चौकशी अहवालाचे असतात. पुढील नमुना समजुतीसाठी रचलेला असून तो कोणत्याही प्रत्यक्ष गावाचा वा कार्यालयाचा नाही.

समजा, सोयाबीनच्या नुकसानीच्या अनुदानाबाबत सहा पानांचा, २३ परिच्छेदांचा चौकशी अहवाल मिळाला. परिच्छेद ७ मध्ये यादीत ३८ खातेदार असल्याचे, तर परिच्छेद ८ मध्ये त्यांपैकी ३१ जणांच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे म्हटले आहे. बँक खाते क्रमांकांचा रकाना झाकलेला आहे. परिच्छेद ९ ते १२ पूर्ण काळे आहेत. परिच्छेद १३ ची सुरुवात ‘वरील चारही जबाब परस्परांशी जुळतात’ अशी आहे. परिच्छेद १७ असा आहे: ‘सबब, ███ यांनी दि. ███ रोजी सादर केलेला पंचनामा ग्राह्य धरता येत नाही.’ शेवटच्या परिच्छेदात उर्वरित खातेदारांची फेरपडताळणी करण्याची शिफारस आहे.

या अहवालाचा घाईत केलेला सारांश साधारण असा होतो: ‘चार शेतकऱ्यांनी दिलेल्या जबाबांवरून तलाठ्याने खोटा पंचनामा केल्याचे सिद्ध झाले असून सात शेतकरी अनुदानापासून वंचित राहिले.’ जबाब चार होते हे दिसते, पण ते शेतकऱ्यांचे होते हे दिसत नाही. चार परिच्छेद झाकलेले आणि जबाबही चार, म्हणून एकेका परिच्छेदात एकेक जबाब असणार, हेही संभाव्य असले तरी कागदावर नाही. पंचनामा बहुधा तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहाय्यक मिळून करतात, त्यामुळे तो सादर करणारी व्यक्ती त्यांपैकी कोणीही असू शकते, किंवा त्यांपैकी कोणी नसूही शकते. शिवाय ‘ग्राह्य धरता येत नाही’ म्हणजे ‘खोटा’ नव्हे. सही नसणे, मुदत उलटणे, जागेवर न जाणे अशा अनेक कारणांनी पंचनामा अग्राह्य ठरतो. झाकलेल्या शब्दांच्या शेजारी असलेला दिसणारा शब्दही अशा वेळी आपला अर्थ गमावतो, कारण वाचकाने रिकाम्या जागेत मनातल्या मनात एक गोष्ट आधीच बसविलेली असते.

‘सात’ या आकड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. ३८ आणि ३१ हे दोन्ही आकडे एकाच यादीचे असल्याने वजाबाकी करणे हा तर्क नव्हे. मात्र ‘वंचित’ हा शब्द वजाबाकीतून निघत नाही. त्या सातांपैकी कोणी अपात्र ठरले असेल, कोणाच्या खात्याची जोडणी राहिली असेल. अहवालाचा दिसणारा भाग त्याविषयी काही सांगत नाही.

याच अहवालाचा नेटका सारांश असा लिहिता येईल: ‘यादीतील ३८ पैकी ३१ खातेदारांच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे अहवालात नमूद आहे. परिच्छेद ९ ते १२ पूर्ण झाकलेले आहेत. त्यांनंतर अहवालात चार जबाब परस्परांशी जुळत असल्याचे म्हटले आहे. ते जबाब कोणाचे व काय होते, हे दिलेल्या प्रतीत दिसत नाही. एक पंचनामा ग्राह्य धरता येत नाही असा निष्कर्ष आहे. तो सादर करणाऱ्याचे नाव वा पद आणि दिनांक यांच्या जागी पट्ट्या आहेत. उर्वरित खातेदारांच्या फेरपडताळणीची शिफारस केली आहे.’ या सारांशातही एक तर्क शिरला आहे. ‘नाव वा पद’ आणि ‘दिनांक’ हे शब्द पट्टीखालचे आहेत. त्यांपैकी ‘दि.’ आणि ‘रोजी’ हे शब्द पट्टीच्या दोन्ही बाजूंना उघडे असल्यामुळे दिनांक म्हणणे योग्य आहे. पहिल्या पट्टीनंतर ‘यांनी’ एवढेच आहे, म्हणून ‘सादर करणाऱ्याची ओळख झाकलेली आहे’ असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

## मराठी वाक्यरचनेतील अडचण

मराठीत क्रियापद, विशेषण व सर्वनाम यांतून लिंग आणि वचन व्यक्त होत असल्याने पट्टीखालच्या व्यक्तीविषयी पट्टीबाहेरचे शब्द बरेच काही सांगून जातात. ‘███ या त्या दिवशी गावात उपस्थित नव्हत्या’ या वाक्यातून ती व्यक्ती स्त्री असल्याचे कळते. ‘███ यांनी सही केली’ या वाक्यातून तसे कळत नाही, कारण येथे क्रियापद ‘सही’ या कर्मानुसार चालते. पहिल्या वाक्यातील माहिती तर्काने मिळालेली नाही, ती व्याकरणाने दिलेली आहे. तरीही जेथे त्या पदावर एकच स्त्री काम करते अशा लहान गावात एवढ्यावरून ओळख पटू शकते. आशय सांगण्यासाठी लिंगाची गरज नसेल, तर सारांशात ते न आणणे हाच प्रघात बरा.

उलट बाजूची चूक अधिक सहज घडते. मूळ वाक्यात लिंग दिसत नसताना सारांशकार सवयीने ‘साक्षीदार म्हणाला’ असे लिहितो आणि झाकलेल्या व्यक्तीला पुरुष ठरवून मोकळा होतो. भाववाचक किंवा कर्मणी रचना यातून वाट काढून देते. ‘एका जबाबात असे म्हटले आहे’, ‘साक्षीदाराच्या सांगण्यानुसार’, ‘संबंधित व्यक्तीने अर्ज दिला’ अशा वाक्यांत लिंग उघड होत नाही. वचनाबाबत मात्र आदरार्थी अनेकवचनामुळे आणखी संदिग्धता येते. ‘███ हे हजर होते’ यात व्यक्ती एक आहे की अनेक, हे सांगता येत नाही. म्हणून ‘एक व्यक्ती’ असेही लिहू नये.

## ‘उल्लेख नाही’ या विधानाची मर्यादा

झाकलेल्या कागदाबाबत नकारार्थी विधान करणे सर्वात कठीण असते. ‘अहवालात दंडाचा उल्लेख नाही’ हे विधान संपूर्ण अहवाल वाचणाऱ्यालाच करता येते. ज्याने अंशतः झाकलेली प्रत वाचली आहे, त्याला ‘दिलेल्या प्रतीच्या वाचता येणाऱ्या भागात दंडाचा उल्लेख आढळत नाही’ एवढेच म्हणता येईल. ‘प्रथमच’, ‘एकमेव’, ‘एकूण’, ‘सर्व’ या शब्दांनाही हीच मर्यादा लागू पडते. दिसणाऱ्या रकमांची बेरीज करून तिला एकूण खर्च म्हणणे हा या चुकीचा नेहमी आढळणारा प्रकार आहे. झाकलेल्या ओळी रकमेच्या असोत वा नसोत, बेरजेला ‘दिसणाऱ्या नोंदींची बेरीज’ असेच म्हणावे लागते.

झाकण्याच्या कृतीवरून हेतू काढणेही याच प्रकारात मोडते. मोठी पट्टी म्हणजे मोठे गुपित, असे नाही. आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकून शेवटचे चार उघडे ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, तेथे झाकणे हे निव्वळ नित्याचे काम असते. एखादी पट्टी अनावश्यक वाटत असेल, तर त्यासाठी सारांशातील सूचक शब्दांपेक्षा अपिलाचा मार्ग आहे. कलम १९(१) नुसार ३० दिवसांच्या आत प्रथम अपील आणि कलम १९(३) नुसार ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. अपिलात माहिती नाकारणे समर्थनीय होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर असते. अपिलानंतर अधिक उघडी प्रत मिळाली तर जुना सारांश दुरुस्त करावा लागतो. त्यासाठी पहिल्या सारांशातच प्रत कोणत्या तारखेच्या पत्रासोबत मिळाली होती आणि तिच्यात कोणते परिच्छेद झाकलेले होते, याची नोंद असणे सोयीचे ठरते.